अक्षाचा पत्ता सांगणारा निश्चयक

दार ढकलताना ते कोणत्या अक्षाभोवती फिरेल, हा प्रश्न कोणाला पडत नाही. तो बिजागऱ्यांनी आधीच सोडवलेला असतो. पण अवकाशात मोकळा असलेला एखादा कण घ्या. त्याला बिजागरी नाही. त्याच्यावर तिरकं बल लावलं, तर आपण निवडलेल्या एखाद्या बिंदूभोवती ते बल त्याला किती जोराने वळवू पाहतं आणि कोणत्या अक्षाभोवती, ही दोन्ही उत्तरं एकदमच शोधावी लागतात. टॉर्क हा सदिश असतो तो यासाठीच: त्याची लांबी म्हणजे वळवण्याचा जोर आणि त्याची दिशा म्हणजे अक्ष.

निवडलेल्या बिंदूपासून कणापर्यंतचा सदिश r आणि बल F, तर टॉर्क τ = r × F. एक उदाहरणच करू. कण आरंभबिंदूपासून x दिशेला २ मीटर, y च्या उलट दिशेला १ मीटर आणि z दिशेला ३ मीटर अंतरावर आहे. बलाचे घटक त्याच क्रमाने ४, २ आणि −१ न्यूटन आहेत. तिन्ही अक्षांवरचे एकक सदिश i, j, k वरच्या ओळीत, मग स्थान, मग बल:

```
    | i    j    k |
τ = | २   −१    ३ |
    | ४    २   −१ |
```

वरच्या ओळीत सदिश आणि खाली संख्या, असा निश्चयक काटेकोर गणितात बसत नाही, हे खरं. पण तो सोडवण्याचे नियम इथे चोख चालतात.

i चा घटक हवा तर पहिला स्तंभ झाकायचा. उरलेल्या चार संख्यांचा तिरपा गुणाकार: (−१)(−१) − (३)(२) = −५. मधला स्तंभ झाकला की (२)(−१) − (३)(४) = −१४ येतं, पण j च्या पदाला उणे चिन्ह असतं, म्हणून +१४. शेवटचा स्तंभ झाकून (२)(२) − (−१)(४) = ८. म्हणजे τ = −५i + १४j + ८k न्यूटन-मीटर, आणि लांबी √२८५, साधारण १६.९.

सगळ्यात जास्त घात होतो तो त्या मधल्या उण्यामुळे. ते विसरलं की १४ ऐवजी −१४ येतं आणि उत्तर दिसायला तितकंच साजरं राहतं. ते पकडायला एक सोपी तपासणी आहे. टॉर्क r ला आणि F ला, दोघांनाही लंब असलाच पाहिजे. r शी अदिश गुणाकार केला: −१० − १४ + २४ = ०. F शी: −२० + २८ − ८ = ०. चुकीचं चिन्ह घेतलं असतं, तर पहिलीच बेरीज २८ आली असती.

मात्र ही तपासणी एका चुकीपुढे आंधळी आहे. r आणि F च्या ओळींची अदलाबदल झाली, तर तिन्ही घटकांची चिन्हं उलटतात आणि लंबपणा तसाच टिकतो! तेव्हा चित्रच काढावं. z अक्षाच्या टोकाकडून खाली पाहिलं, तर कण (२, −१) वर, म्हणजे उजवीकडे किंचित खाली दिसतो आणि बल त्याला उजवीकडे वर ओढतं. हे वळण घड्याळाच्या काट्यांच्या उलट आहे, म्हणून k चा घटक धनच हवा. आपला ८ धन आहे.

निश्चयकाला निव्वळ पाठांतराची युक्ती समजणं मला पटत नाही, कारण त्याचे नियम भौतिकशास्त्रच बोलतात. एका ओळीत दुसरी ओळ मिळवली तरी निश्चयक बदलत नाही. स्थानाच्या ओळीत बलाची ओळ मिळवा: (६, १, २). या नव्या जागी तेच बल लावून पाहा, पुन्हा −५, १४, ८. बल स्वतःच्याच रेषेवर पुढे सरकवलं तर टॉर्क तोच राहतो, असं ही बेरीज सांगते.

आरंभबिंदू हलवला की मात्र उत्तर बदलतं. तोच कण, तेच बल, पण टॉर्क (२, −१, ०) या बिंदूभोवती काढला, तर स्थान उरतं (०, ०, ३) आणि टॉर्क होतो −६i + १२j. ‘कोणत्या बिंदूभोवती’ हे न सांगता दिलेला टॉर्क म्हणूनच अर्धवट असतो.

आणि दोन ओळी एकमेकींच्या पटीत असतील तर निश्चयक शून्य. सूर्याचं ग्रहावरचं गुरुत्वबल नेमकं सूर्याकडे रोखलेलं असतं. सूर्याला आरंभबिंदू मानलं की बलाची ओळ ही स्थानाच्या ओळीची ऋण पट होते आणि टॉर्क शून्य येतो. टॉर्क म्हणजे कोनीय संवेग बदलण्याचा दर, त्यामुळे ग्रहाचा कोनीय संवेग लांबीनेही बदलत नाही आणि दिशेनेही. दिशा स्थिर, म्हणून ग्रह एकाच प्रतलात फिरतो. लांबी स्थिर, म्हणून त्याला सूर्याशी जोडणारी रेषा सारख्या वेळात सारखं क्षेत्रफळ व्यापते. केप्लरने १६०९ मध्ये मंगळाच्या नोंदींवरून मांडलेला क्षेत्रफळांचा नियम तो हाच.