पाच मिनिटांचा परिचय

एकट्या ज्येष्ठांना सोबती मिळावा म्हणून पुण्यात माधव दामले यांनी २०१२ मध्ये पुढाकार घेतला. तेव्हापासून असे परिचय मेळावे आपल्याकडे सर्वथा अपरिचित राहिलेले नाहीत.

चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यातून निवृत्त झालेले आमच्या परिचयाचे एक विधुर गृहस्थ अशाच मेळाव्यास प्रथमच गेले. प्रत्येक भेटीस पाचच मिनिटे. पहिली भेट दिवंगत पत्नीच्या आजारपणाच्या वर्णनातच सरली. दुसरीत गोंगाटामुळे बाईंचे नावही कळले नाही, आणि हे मात्र उगाच मान डोलावत राहिले!

मग त्यांनी भिंतीलगतची खुर्ची घेतली, चांगला उजवा कान समोर केला आणि आरंभीच सांगितले, “मला डाव्या कानाने कमी ऐकू येते, जरा सावकाश बोलाल का?” पुढे विचारले, “आपला दिवस कसा जातो?” बाई म्हणाल्या, “सकाळी नातवाला शाळेत सोडते. सोलापूर काही मी सोडणार नाही.” एका उत्तरात घर, जबाबदारी व गाव, तिन्ही कळले.

बाईंनीही थेट विचारले, “आपल्याला लग्न हवे की नुसती सोबत?” प्रश्न व्यवहाराचा होता. पती कारखान्यात असल्याने त्यांना १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून विधवा पेन्शन मिळते, आणि पुनर्विवाह केल्यास ती बंद होते.

गृहस्थ म्हणाले, “याचा मी विचारच केला नव्हता. मुलाशी बोलून सांगतो.” पेन्शनची रक्कम त्यांनी विचारली नाही, घराचा पत्ताही नाही. दूर बसलेल्या मुलाला त्यांनी बोलावले, तेव्हा घंटा वाजत होती.