गाडी सुरू झाली, पण दिवे का लागले?

ईदच्या किंवा लग्नाच्या सुट्टीत कुटुंब पंधरा-वीस दिवस परगावी असते आणि गाडी अंगणात उभी राहते. परत आल्यावर चावी फिरवली की नुसती टकटक. शेजाऱ्यांच्या गाडीवरून केबल लावून इंजिन सुरू होते. पण समोर एबीएस, घसरत्या गाडीचे चित्र आणि स्टिअरिंगचे चिन्ह असे पिवळे दिवे एकदमच लागतात. नवी बॅटरी बसवल्यावरही हे घडते. मग घरातले विचारतात, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही एकाच सकाळी बिघडले का?

आम्ही सांगू, सहसा नाही. या भागांत सामायिक गोष्ट एकच, ती म्हणजे वीज. चांगली बॅटरी बंद गाडीत साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. उतरलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारला की व्होल्टेज फार खाली जाते आणि प्रत्येक भागाचा छोटा संगणक ‘वीज कमी पडली’ अशी नोंद करून दिवा लावतो. शिवाय वीज तुटल्यावर काही गाड्यांना स्टिअरिंगची सरळ दिशा कोणती, हेच आठवत नाही. ती कळेपर्यंत घसरण रोखणारी यंत्रणा काम थांबवते.

समजा, बुलढाण्यातल्या एका गाडीत सकाळी 11.4 व्होल्ट होते. केबल काढल्यावर चालू इंजिनवर मीटरने 14.1 दाखवले, म्हणजे अल्टरनेटर ठीक आहे. आता मोकळ्या जागी, इंजिन चालू ठेवून, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे आणि परत सरळ करावे. मग सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी थोडा वेळ हळू आणि सरळ चालवावी. चाके आणि स्टिअरिंग यांचा मेळ बसला, वीजही नीट मिळाली, की बऱ्याच गाड्यांत दिवे आपोआप विझतात. काही गाड्यांत मात्र ही दिशा मेकॅनिकला स्कॅनर लावूनच शिकवावी लागते.

दिवे विझेपर्यंत साधा ब्रेक लागतो, पण चाक अडकू न देणारी आणि घसरण रोखणारी मदत मिळत नाही. म्हणून तोवर राजूर घाट उतरू नये. स्टिअरिंग जड लागत असेल, तर रस्त्यावर निघूच नये.

लाल दिव्यांना मात्र हा हिशेब लागू नाही. ऑइल, तापमान किंवा ब्रेकचा लाल दिवा राहिला तर गाडी थांबवावी. बॅटरीचा लाल दिवा राहिला तर चार्जिंग होत नाही असे समजावे. एअरबॅगचा दिवा गेला नाही तर गाडी मेकॅनिकला दाखवावी. आणि पिवळे दिवे दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले, तर आधी बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का ते पाहावे. ते घट्ट असतील, तर बॅटरी तपासून घ्यावी.