ज्युनिअरच्या हाती दिलेली फाइल

मुंबई उच्च न्यायालयातल्या जुन्या वकिलांकडे सर जमशेदजी कांगांचा विषय निघाला, की त्यांच्या खटल्यांच्या आधी त्यांच्या ज्युनिअरांची नावं येतात. एच. एम. सीरवाई, नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी ही सगळी कांगांच्या चेंबरमधली माणसं. कांगा स्वतः मुंबईचे ॲडव्होकेट जनरल होते, पण त्यांचं नाव आजवर टिकलं ते या चेंबरमुळे. 1950 साली प्राप्तिकर कायद्यावरचा त्यांचा ग्रंथ आला, तेव्हा कांगा पंचाहत्तरीत होते आणि पालखीवाला तिशीत. ग्रंथावर दोघांची नावं होती. तो आजही ‘कांगा आणि पालखीवाला’ म्हणूनच ओळखला जातो.

या चेंबरची माणसं पुढे नेहमी एकाच बाजूला उभी राहिली असं मात्र नाही. 1973 साली निकाल लागलेल्या केशवानंद भारती खटल्यात अर्जदारांकडून पालखीवाला बोलले आणि सोराबजी त्यांच्या सोबत होते. समोर केरळ सरकारतर्फे सीरवाई होते. ज्युनिअर घडवणं म्हणजे आपले होयबा तयार करणं, असं ज्याला वाटतं त्याने हा खटला जरूर आठवावा.

तरीही वकिलीत ज्युनिअर शिकवण्याचा फायदा अगदी ठोस आहे, आणि तो कायद्याच्या रचनेतूनच येतो. न्यायालयाने ‘सिनिअर ॲडव्होकेट’ म्हणून नेमलेल्या वकिलाला वकीलपत्र दाखल करता येत नाही. पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही, सोबत दुसरा वकील असल्याशिवाय उभंही राहता येत नाही. त्याच्याकडे काम येतं ते दुसऱ्या वकिलामार्फत. आज हाताखाली असलेला मुलगा किंवा मुलगी काही वर्षांनी स्वतःचं ऑफिस थाटते, तिच्याकडे मोठं प्रकरण येतं आणि युक्तिवादाला कोणाला उभं करायचं हा प्रश्न पडतो. ज्या सिनिअरची फाइल वाचण्याची पद्धत तिने जवळून पाहिली आहे, त्याचं नाव तिला पहिलं आठवतं.

पण ती पद्धत तिला दिसायला हवी, आणि नुसतं ‘बरोबर बसत जा’ म्हटल्याने ती दिसत नाही. एक नेहमीचा प्रसंग घेऊ. शेतजमिनीचा दावा आहे. प्रतिवादी म्हणतो, बारा वर्षांहून अधिक काळ मी मालक म्हणून कब्जात आहे, त्यामुळे दाव्याची मुदत संपली. ज्युनिअर तारखांची यादी करून आणते आणि प्रतिवादीच्या नावाने फेरफार नोंद झाली त्या दिवसापासून बारा वर्षं मोजते. घाईतला सिनिअर ती तारीख खोडतो, योग्य ती लिहितो आणि कोर्टात जातो. काम होतं, शिकणं होत नाही. शिकवणारा सिनिअर विचारतो, “फेरफाराने मालकी मिळते का?” नाही, ती महसुलाची नोंद आहे. “मग मूळ मालकाविरुद्ध, उघडपणे, ‘ही जमीन माझी’ असं तो कधी वागला? ते कोणत्या कागदात दिसतं?” आता तिला साक्षीपुरावा पुन्हा वाचावा लागतो. कदाचित तिच्या हाती जुनी नोटीस लागते. कदाचित प्रतिवादी आधी कूळ म्हणून खंड देत होता हे कळतं, आणि मग बारा वर्षांचं गणितच कोसळतं. यात सिनिअरचा अर्धा तास जातो. पुढच्या दाव्यात ती हा प्रश्न स्वतःच विचारते.

त्यानंतरची पायरी म्हणजे तिला बोलू देणं. सुरुवात तारीख मागण्यापासून होते, मग एखादा अंतरिम अर्ज, मग युक्तिवादातला एखादा मुद्दा. न्यायमूर्तींनी अवघड प्रश्न विचारला की लगेच उठून उभं राहायचा मोह सिनिअरने आवरायला हवा, आणि हेच बहुतेकांना जमत नाही. पक्षकाराचं नुकसान होईल असं दिसलं तर उठणं कर्तव्यच आहे. म्हणून असा मुद्दा आधीच निवडावा, ज्यात ती अडखळली तरी नंतर सावरता येईल.

कोणाच्या चेंबरमध्ये खरंच शिकायला मिळतं, हे ओळखायची एक सोपी जागा आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशात सुरुवातीला हजर वकिलांची नावं छापलेली असतात. तिथे सिनिअरबरोबर ज्युनिअरचं नाव नियमाने येतं का, आणि काही वर्षांनी तेच नाव स्वतंत्रपणे येऊ लागतं का, ते पाहावं. जिथे मुलं वर्षानुवर्षं फक्त झेरॉक्स आणि बोर्डावरचे नंबर सांभाळतात, तिथली नावं आदेशात सापडत नाहीत. पैशाचंही तसंच. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 साली ज्युनिअरना शहरात दरमहा किमान 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे. घरचा आधार नसलेली हुशार मुलं पगाराअभावी वकिली सोडतात, तेव्हा सिनिअरही उद्याचा सहकारी गमावतो.

या नात्याला एक सीमा आहे. जुना ज्युनिअर न्यायमूर्ती झाला, की त्याच्याकडून जवळिकीची अपेक्षा ठेवायची नाही. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वीकारलेल्या आचारसंहितेत, न्यायाधीशाने विशेषतः त्याच न्यायालयात वकिली करणाऱ्यांशी निकटचे संबंध टाळावेत, असं नमूद आहे. ज्या मुलाला रोज संध्याकाळी चेंबरमध्ये बसवून शिकवलं, त्याच्यासमोर उभं राहताना सिनिअरला इतर कोणत्याही वकिलाइतकाच वेळ मिळतो.