आई ‘ए’, बाबा ‘बी’, मग बाळ ‘ओ’ कसं?

रक्ताची ओळख : लेखांक ४

कार्डावर रक्तगट कसा पाहतात ते गेल्या आठवड्यात पाहिलं. रक्ताच्या एका थेंबात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी. ज्या थेंबात गुठळ्या होतील तो गट. दोन्हींत झाल्या तर एबी, कुठेच नाही झाल्या तर ओ. आता हा गट बाळाला मिळतो कसा ते पाहू.

सोलापूरच्या भवानी पेठेतलं एक जोडपं समजू. आईचा गट ए, वडिलांचा बी, आणि बाळाचा रिपोर्ट आला ओ. घरात कुजबुज सुरू होते, पण यात वावगं काही नाही. रक्तगटाचं जनुक प्रत्येकाकडे जोडीनं असतं, एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. ए आणि बी ही जनुकं आपलं अस्तित्व दाखवतात. ओ मात्र त्यांच्यासोबत असलं की दिसत नाही. या आईकडे ए-ओ आणि वडिलांकडे बी-ओ अशी जोडी आहे. दोघांकडूनही ओ आलं, की बाळ ओ. अशा जोडप्याला चारही गटांचं मूल होऊ शकतं आणि प्रत्येक बाळंतपणात प्रत्येक गटाची शक्यता चारात एक असते.

हाच हिशेब इतरांना लावा. ए आणि ए यांना ए किंवा ओ. बी आणि बी यांना बी किंवा ओ. एबी आणि ओ यांना ए किंवा बी, म्हणजे मुलाचा गट आई-वडील दोघांपेक्षाही वेगळा! ओ आणि ओ यांना मात्र फक्त ओ.

या शेवटच्या नियमालाही एक अपवाद आहे आणि तो आपल्या महाराष्ट्रातच सापडला. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आणला. ए आणि बी हे घटक रक्तपेशीवर ज्या पायावर चढतात, त्याला एच म्हणतात. आई-वडील दोघांकडूनही एचचं निकामी जनुक आलं, तर पायाच तयार होत नाही. मग ए जनुक असूनही कार्डावर गुठळी दिसत नाही आणि रिपोर्ट ओ येतो. अशा वडिलांकडून ए आणि ओ गटाच्या आईकडून चांगलं एच मिळालं, तर बाळ ए गटाचं होतं. नात्यातल्या लग्नांत असं निकामी जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते.

हे ओळखायचं कसं? त्या व्यक्तीच्या रक्तातला द्रव ओ गटाच्या पेशींत मिसळतात. खऱ्या ओ गटात काहीच होत नाही. बॉम्बे गटात घट्ट गुठळ्या होतात. म्हणूनच या व्यक्तीला साधं ओ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. तिला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

तेव्हा ओ-ओ जोडप्याच्या बाळाचा गट ए किंवा बी आला, तर संशय घेण्याआधी तिघांची तपासणी पुन्हा करून घ्या आणि रक्तपेढीला ही ओ पेशींची चाचणी आवर्जून करायला सांगा.