इंक टँक प्रिंटर हलवताना

इंक टँक प्रिंटरमध्ये शाई टाकीतून बारीक नळ्यांवाटे छपाईच्या हेडपर्यंत भरलेली असते. टाकीची पातळी हेडच्या छिद्रांच्या मानाने अशी राखलेली असते, की प्रिंटर सपाट असेतोवर शाई आपोआप गळत नाही. टेम्पोत तो कलंडला की ही पातळी उलटते, शाई हेडकडे धावते आणि छिद्रांतून ठिबकू लागते. तळाशी सांडशाई शोषणारे पॅडही असते. जुन्या प्रिंटरमध्ये ते चिंब झालेले असेल, तर आडवे केल्यावर काळपट ओघळ तिथूनच येतो.

झेरॉक्सच्या अनेक दुकानांत असलेला एप्सनचा एल210 घेऊ. पहिली गोष्ट म्हणजे तो त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करायचा. बटण दाबल्यावर हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन टोपीवर बसते आणि मग दिवा विझतो. घाईत भिंतीवरचा स्विच बंद केला तर हेड वाटेतच अडकते. छिद्रे उघडी राहतात, आणि पुढची सगळी काळजी वाया जाते.

दिवा विझल्यावर वायर व यूएसबी केबल काढावी, कागद काढून ट्रे मिटावा. स्कॅनरचा भाग उचलून हेड सहज निघणाऱ्या टेपने बाजूच्या भागाला चिकटवावे. हेडमागून आडवी जाणारी पारदर्शक पट्टी मात्र टेपपासून दूर ठेवावी. तिच्यावरूनच हेडला आपली जागा कळते. मग टाक्यांची झाकणे घट्ट दाबावीत आणि टाकीच्या बाजूचा वाहतुकीचा खटका बंद स्थितीत फिरवावा. याने टाकी ते हेड ही वाट बंद होते. टाकी बाजूला लटकलेली असते, म्हणून ती यंत्राशी टेपने बांधून ठेवावी. नळ्या ताणल्या जाऊ देऊ नयेत.

एल3110सारख्या पुढच्या मॉडेलांत टाकी आतच असते आणि असा खटका नसतो. तिथे झाकणे, टेप आणि सपाट ठेवणे एवढाच आधार. शाई उपसून टाकण्याची किंवा हेड काढण्याची खटपट करू नये. त्याने नळ्यांत हवा शिरते. प्रिंटर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खोक्यात सरळच ठेवावा. टेम्पोपेक्षा गाडीच्या पायांजवळची जागा बरी.

नव्या जागी टेप काढायचा आणि प्रिंटर चालू करण्याआधी खटका छपाईच्या स्थितीत आणायचा. हेच बहुतेक जण विसरतात. नळीत उरलेल्या शाईवर सुरुवातीची पाने ठीक निघतात, मग रंग फिके पडून पट्टे उमटू लागतात. खटका उघडून नोझल चेक काढावा. रेषा तुटक असतील तर हेड क्लीनिंग करावे, पण दोन-तीनदाच, कारण प्रत्येक वेळी शाई सांडपॅडमध्ये जाते. तरीही रेषा जुळल्या नाहीत, तर प्रिंटर बंद करून किमान 12 तास तसाच ठेवावा आणि मग पुन्हा नोझल चेक काढावा. नळीतली हवा तोवर बरीच निघून जाते.