चिऊताई इटालियन बोलते तेव्हा

चिमणी-कावळ्याची गोष्ट इटालियनमध्ये नेताना पहिली अडचण चिऊताईच्या नावापाशीच येते. चिमणीला तिकडे ‘पास्सेरो’ म्हणतात आणि हा शब्द पुल्लिंगी आहे. त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘पास्सेरा’ शब्दकोशात मिळतं, पण बोलण्यात त्याला अश्लील अर्थही आहे. नातवंडाला गोष्ट वाचून दाखवणारी आजी तिथे नक्की थबकेल. म्हणून ‘माम्मा पास्सेरो’ म्हणावं. पिलांना निजवणारी आई त्यात आपोआप येते. कावळ्याचा नेमका शब्द ‘कोर्नाक्किया’, पण तो स्त्रीलिंगी आणि लांबलचक. त्यापेक्षा ‘कोर्वो’ बरा. पक्षी म्हणून तो थोडा वेगळा असला, तरी काळा, पुल्लिंगी आणि उच्चारायला सुटसुटीत आहे.

आता आवाज. चिव चिवचं ‘चिप चिप’ होतं, दारावरची टकटक ‘तोक तोक’ होते. काव काव मात्र फसवी. इटालियन कावळा ‘क्रा क्रा’ करतो आणि बेडूकही ‘क्रा क्रा’च करतो! भर पावसात, अंधारात दाराबाहेरून नुसतं ‘क्रा क्रा’ आलं, तर मुलाला बेडूकच आला असं वाटणार. म्हणून आधी कावळ्याचं नाव घ्यायचं, मग ‘तोक तोक’ आणि शेवटी ‘क्रा क्रा’.

शेणामेणाचं यमक काही केल्या तिकडे जात नाही. शेणासाठी लहान मुलांच्या तोंडचा शब्द ‘काक्का’, म्हणजे आपली ‘शी’. तो वापरला की मूल खिदळत उठून बसेल आणि झोप उडेल. मी ‘फांगो’, म्हणजे चिखल, घेईन. सारवलेल्या अंगणाचा वास त्यात नाही, ही हानी खरीच. पण पावसात घर का वाहून गेलं ते मुलाला लगेच कळतं. मेणाने मात्र भरपाई होते. मेण म्हणजे ‘चेरा’, आणि इटालियन गोष्टी सुरू होतात ‘चेरा ऊना व्होल्ता’ने, म्हणजे ‘एकदा काय झालं’ने. त्यातल्या ‘चेरा’चा अर्थ ‘होतं’. उच्चार जवळजवळ सारखाच. ‘चेरा ऊना कासा दि चेरा’, एक मेणाचं घर होतं: मूळ मराठीत नसलेला नाद इथे आयता मिळतो.

‘धो धो’ला तसा छोटा शब्द नाही. क्रियापद शोधत बसलं तर पुस्तकी शब्द हाती लागतो. ‘पियोव्हेव्हा, पियोव्हेव्हा, पियोव्हेव्हा’, पाऊस पडत होता, पडत होता, असं तीनदा म्हटलं की सर धरते. ‘हळूहळू’ला तर ‘पियानो पियानो’ तयारच आहे.

राहिली कावळ्याची विनवणी. ‘आप्रीमी ला पोर्ता, पेर फाव्होरे’ व्याकरणाने चोख, पण दहा अक्षरांची. ‘आप्री, आप्री!’ चारच अक्षरांत होतं. मसुदा मोठ्याने वाचून पाहावा: तिसऱ्यांदा दार वाजेपर्यंत मूल आपणहून ही विनवणी म्हणू लागलं नाही, तर ओळ अजून लांब आहे, ती कापावी.