दूरच्या संगणकाचे चित्र: रंग आणि रिझोल्यूशन

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये माउस हलवल्यावर चित्र अडखळत सरकत असेल, तर आधी रिझोल्यूशन कमी करावे. जोडणीपूर्वी `Show Options` उघडून `Display` मध्ये ते बदलता येते. 1920×1080 ऐवजी 1280×720 निवडल्यास पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. मात्र ते चित्र ताणून पडदाभर केल्यास अक्षरे धूसर दिसतात. त्यापेक्षा छोटी खिडकी बरी.

तिथेच 32 बिटऐवजी 16 बिट रंग निवडता येतात. मग 65,536 छटाच उरतात आणि छायाचित्रातल्या आकाशात पट्टे दिसतात; हिशेबाच्या तक्त्यांना फरक पडत नाही. डेटा आधीच संकुचित होत असल्याने बचत निम्मी होईलच असे नाही.

साधी कळ दाबल्यावरही अक्षर उशिरा उमटत असेल, तर दोष बहुधा नेटवर्कच्या विलंबाचा असतो. तो या सेटिंगने जात नाही.